उणे चारचं उत्तर शून्य?!

मागच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की चार बिटांच्या नंबराची ॲबसोल्यूट व्हॅल्यू, म्हणजे उणे चिन्ह काढून उरलेला आकडा, देणारं सर्किट झालं, फक्त -8 तेवढा चुकतोय. ते शब्द परत घेतो. तीन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की त्या बिचाऱ्या -8 ला मी उगाच बदनाम केलं.

डिझाइन तेच आहे, साइन बिट A3 ने खालच्या तिन्ही बिटांना XOR करायचं म्हणजे नंबर निगेटिव्ह असेल तरच बिटं उलटतात, आणि तोच A3 एक मिळवणाऱ्या इन्क्रिमेंटरला पहिला कॅरी म्हणून द्यायचा. A3 चं स्वतःशीच XOR कायम 0, म्हणून आउटपुटचा सगळ्यात वरचा बिट Y3 म्हणजे नुसता शेवटचा कॅरी. Y0 तर त्याहून भारी, A0 उलटतो आणि एक मिळवला की परत होता तसा होतो, म्हणजे थेट वायर! हे कागदावर दिसलं तेव्हा एकटाच हसत बसलो होतो.

तर -8. 1000 चं उलटून 0111, अधिक एक, परत 1000. साइन विसरून वाचलं की बरोबर 8. माझ्याकडे येत होतं 0100. मी म्हटलं चार बिटांत +8 बसतच नाही, मग काहीतरी कचरा येणारच. इथेच फसलो, कारण त्या नादात बाकीचे सगळे नंबर तपासलेच नाहीत.

काल सोळाच्या सोळा डिप स्विचवर लावून बघितले तर -4 ला चारही एलईडी बंद! 1100, उलटून 0011, अधिक एक 0100 यायला हवं. खालची दोन बिटं बरोबर, त्यांच्या वरच्या बिटाला, म्हणजे Y2 ला, कॅरी C2 पोचतच नाहीये. -8 मध्येही तेच, म्हणजे C2 कायम 0. आणि C2 लागतो फक्त या दोनच नंबरांना, म्हणून चौदा नंबर गोड बोलून मला गंडवत होते.

मल्टीमीटर लावला, AND च्या 74HC08 च्या पिन 6 वर 5 व्होल्ट, पुढच्या XOR च्या 86 च्या पिनवर शून्य. वायर एक भोक सरकून पिन 7 च्या, म्हणजे ग्राउंडच्या ओळीत बसली होती. स्वस्तातला ब्रेडबोर्ड घेऊ नका रे, माझ्यावरच्या भोकांची रांग धड सरळ दिसत नाही.

आता सगळं चालतंय, पण पाचव्या XOR साठी दुसरी अख्खी 86 लावलीय ते खुपतंय. हे लिहितानाच डोक्यात आलं, बिटं उलटून एक मिळवला की उजवीकडून पहिला 1 येईपर्यंत बिटं तशीच राहतात, त्याच्या पुढची सगळी उलटतात, म्हणजे इन्क्रिमेंटरच नको:

```
Y1 = A1 ^ (A3 & A0)
Y2 = A2 ^ (A3 & (A0|A1))
Y3 = A3 ^ (A3 & (A0|A1|A2))
```

तीन XOR, तीन AND, आणि OR साठी पाच 1N4148 नि दोन पुलडाउन. डायोडवर 0.6-0.7 व्होल्ट गेले तरी HC ला 3.5 पुरतात. पण डायोड एकापुढे एक जोडायचे नाहीत, Y3 चे तिन्ही थेट स्विचवरून घ्यायचे. रविवारी तापकीर गल्लीत चक्कर मारतो.