सोड्याचा ग्लास सुटेपर्यंत

“एक लार्ज मार, आपोआप मोकळा होशील.” हा सल्ला आजही कानावर आला की माझं डोकं फिरतं. देणारा शुक्रवारी रात्री शेजारी असतो, शनिवारी पहाटे मात्र आपण एकटेच जागे असतो.

ऑफिसची मंडळी बसायची तेव्हा पहिला पेग पोटात जाईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. नंतर मात्र मी किस्से सांगायचो, टाळ्या घ्यायचो. आणि पहाटे चारला खाडकन जाग. छातीत धडधड, तळहात ओले. साहेबांच्या गावावरून आपण काही बोललो, ते त्यांना लागलं असेल का? ग्रुपवर सकाळपासून कोणी काही लिहिलं नाही, म्हणजे माझ्यावरच चिडलेत का? सोमवारी मी लिफ्ट टाळून जिन्याने जायचो.

मानसोपचारतज्ज्ञांनी हिशोब मांडून दाखवला, तेव्हा पहाटेचे चार का, ते कळलं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीत साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. तीन लार्ज म्हणजे ६० ग्रॅम. यकृत तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम निपटतं. साडेआठला सुरुवात केली की पहाटेच्या सुमारास रक्तातली दारू जवळपास संपते. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्याचा दाबते. मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने जोर लावतो. दारू उतरते, तो जोर मात्र तसाच राहतो. ती धडधड त्याची असते, साहेबांची नाही. त्यात झोप तुटलेली आणि रात्रीची आठवण अर्धवट. मधल्या गाळलेल्या जागा भित्रं मन वाईटात वाईट गोष्टींनी भरतं. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दुसऱ्या दिवशीची ही चिंता जास्त लाजाळू माणसांमध्ये अधिक वाढलेली दिसली. म्हणजे ज्याला पेगचा आधार सर्वात जास्त वाटतो, त्यालाच तो महागात पडतो.

एवढं समजून घेणं सोपं होतं. न पिता बसायला लागलो, पहाटेची धडधडही गेली. गाडी अडली ती पुढे, आणि हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं: दारू सोडल्याने धीर येत नाही.

मी हातात लिंबू घातलेला सोडा धरायचो, म्हणजे लोकांना वाटेल हाही घेतोय. कोपऱ्यातली खुर्ची पकडायचो. वाक्य आधी मनात तीनदा म्हणून मग बोलायचो, तोवर विषय बदललेला असायचा. मधेच फोन काढून उगाच स्क्रोल करायचो. आठवड्यामागून आठवडे गेले, भीती तसूभर हलली नाही. चिडून डॉक्टरांना म्हटलं, यापेक्षा पेग बरा होता. त्यांनी शांतपणे विचारलं, “संध्याकाळ नीट गेली तर श्रेय कुणाला देता?” खरंच, आधी पेगला द्यायचो, आता सोड्याला आणि कोपऱ्याला. माझ्या पदरात काही पडतच नव्हतं.

मग एका वेळी एकच आधार काढायचं ठरलं. आधी सोडा. जाण्यापूर्वी वहीत लिहायचं: “हात रिकामा दिसला की सगळे विचारतील, मी अडखळेन, ते हसतील.” खात्री किती? ९० टक्के. घरी येऊन खाली लिहायचं, प्रत्यक्षात काय घडलं. एकाने विचारलं, “घेत नाहीस?” मी म्हटलं, “आज नाही.” तो म्हणाला, “बरं, ते शेंगदाणे इकडे सरकव.” एवढंच. पहिली पंधरा-वीस मिनिटं पोटात गोळा होता, पण तिथून उठलो नाही आणि तो हळूहळू विरघळला. उठून गेलो असतो तर भीतीच खरी ठरली असती. पुढे फोन बॅगेत गेला, मग कोपरा सुटला. वाक्यं घोकायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

आठवलं म्हणून सांगतो: “आज नाही” याच्यापुढे कारण जोडू नका. अ‍ॅसिडिटी, गोळ्या, उपवास काहीही सांगितलं की चर्चा सुरू होते.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: रोज भरपूर पिणाऱ्याने माझं वाचून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, आकडी, भ्रम असं जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. कुणाशी बोलायचं सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

जायचंच असेल तर मात्र लवकर जा. टेबलावर तिघंच असताना बोलायला सुरुवात होते; बारा जण जमल्यावर आत शिरणं मला अजूनही जड जातं.