तुम्ही विचारलंत म्हणून : जोखमीची अपडेट पाच टक्क्यांवर थांबवली तेव्हा

“क्लोज्ड टेस्टिंग केलं, प्री-लाँच रिपोर्टही स्वच्छ आला, तरी तुम्ही अपडेट एकदम सगळ्यांना का देत नाही? आणि काही बिघडलं तर रोलआउट थांबवला की जुनं व्हर्जन परत येतं ना?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सारा गैरसमज तिथेच आहे. जुने व्हर्जन परत येत नाही. प्ले कन्सोलमध्ये `Halt rollout` दाबले की नवे व्हर्जन आणखी कोणाकडे जाणे बंद होते, एवढेच. ज्यांच्या फोनवर ते पोहोचले आहे त्यांच्याकडे ते तसेच राहते, आणि त्यांना सोडवण्याचा एकच मार्ग उरतो : दुरुस्ती करून आणखी मोठ्या व्हर्जन कोडचे नवे रिलीज पाठवणे. बिघडलेले व्हर्जन ५८ असेल, तर ५७ पुन्हा पाठवता येत नाही. ५७ चाच कोड हवा असला तरी तो ५९ म्हणून नव्याने बांधावा लागतो. त्यातही मधल्या काळात ५८ ने डेटाबेसची रचना बदलून ठेवली असेल, तर जुना कोड नव्या रचनेसमोर उभा राहून पुन्हा कोसळतो. म्हणूनच डेटाबेस बदलणारी अपडेट मी सर्वांत जोखमीची मानतो. बटणाचा रंग चुकला तर तो पुढच्या आठवड्यात सुधारता येतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका घटनेतून देणे सोपे जाईल. आमचे एक छोटे अ‍ॅप दूध संकलन केंद्रांसाठी आहे. केंद्रचालक सकाळ-संध्याकाळ प्रत्येक शेतकऱ्याचे लिटर, फॅट आणि एसएनएफ त्यात नोंदवतो आणि दर दहा दिवसांनी त्यावरून बिल काढतो. वापरात असलेले फोन साधारण आठ हजार. जुन्या नोंदींत फॅटचा आकडा दशांशात नीट साठत नसे, ४.२ ऐवजी ४.१९९९९९ असे काहीतरी पडे आणि बिलात पैशा-दोन पैशांचा फरक येई. व्हर्जन ५८ मध्ये आम्ही हे कायमचे मिटवायचे ठरवले. अपडेटनंतर अ‍ॅप पहिल्यांदा उघडताच डेटाबेसचे मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड, चालेल, आणि प्रत्येक जुन्या नोंदीचा फॅट एका दशांश स्थळापर्यंत नीट करून पुन्हा लिहिला जाईल, अशी ती योजना होती.

क्लोज्ड टेस्टिंगच्या ट्रॅकवर, म्हणजे अपडेट आधी ज्या निवडक लोकांनाच मिळते तिथे, आमच्या यादीत तेवीस जण होते. काही कार्यालयातले, काही मित्र आणि चार केंद्रचालक. दहा दिवस कोणाचीही तक्रार आली नाही. प्री-लाँच रिपोर्टमध्येही एकही क्रॅश नव्हता. येथे पहिली फट होती, आणि ती मला नंतर दिसली. प्री-लाँच रिपोर्टसाठी अ‍ॅप रिकाम्या फोनवर नव्याने बसवले जाते. रिकाम्या फोनवर जुना डेटाबेसच नसतो, त्यामुळे नवी रचना थेट तयार होते आणि मायग्रेशनची एक ओळही चालत नाही. आमच्या तेविसांपैकी बहुतेकांनीही चाचणीचा दुवा उघडून अ‍ॅप नव्यानेच बसवले होते. म्हणजे ज्या कोडची परीक्षा घ्यायची होती, तो कोड जेमतेम पाच-सहा फोनांवर चालला होता.

(अनेकजण क्लोज्ड टेस्टिंग म्हटले की ‘बारा जण, चौदा दिवस’ ही अट आठवतात. ती अट १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना प्रॉडक्शनचे दार उघडण्यासाठी आहे. ती पूर्ण झाली म्हणजे अपडेट तपासली गेली असा तिचा अर्थ नाही.)

सोमवारी सकाळी अकराला मी ५८ प्रॉडक्शनमध्ये पाच टक्क्यांवर सोडले. पाच टक्के म्हणजे चारशे फोन, पण हे चारशे फोन त्याच दिवशी अपडेट होत नाहीत. प्ले स्टोअर आपोआप अपडेट करते ते सहसा फोन वाय-फायवर आणि चार्जिंगला असताना, आणि खेड्यातल्या केंद्रचालकाकडे वाय-फाय असतेच असे नाही. बुधवार सकाळपर्यंत ५८ सुमारे एकशे तीस फोनांवर पोहोचले होते. कोणते फोन, हे आपण ठरवू शकत नाही. देश निवडता येतो, पण त्यातली माणसे स्टोअर यादृच्छिकपणे निवडते, आणि त्यांत नव्याने अ‍ॅप घेणारेही असतात. एरवी ही यादृच्छिकता अडचणीची वाटते, त्या दिवशी मात्र तिनेच आम्हाला वाचवले.

बुधवारी पहाटे पावणेसहाला एका केंद्रचालकांचा फोन आला. “साहेब, अ‍ॅप उघडतंय आणि लगेच मिटतंय. रांग लागलीय इथं.” मी त्यांना वहीत नोंद करायला सांगितले आणि अ‍ॅप कुठे कोसळले याची नोंद ठेवणारे क्रॅशलिटिक्स उघडले. अडतीस फोनांवर एकच क्रॅश होता, आणि त्याच्या डोक्यावर ही ओळ :

```
java.lang.NumberFormatException: For input string: "४.२"
```

मराठी वाचणाऱ्याला यात वावगे काही दिसणार नाही, आणि तीच तर चूक होती. आमच्या मायग्रेशनमध्ये पुढील दोन ओळी होत्या :

```kotlin
val s = String.format("%.1f", fat)
val f = s.toDouble()
```

पहिली ओळ आकडा मजकुरात बदलताना फोनची भाषा पाहते. फोन मराठीत असेल तर अँड्रॉइड देवनागरी अंक वापरते, म्हणून मजकूर `४.२` असा तयार होतो. दुसरी ओळ तो मजकूर परत आकड्यात बदलायला जाते, पण `toDouble()` ला केवळ इंग्रजी अंक कळतात, आणि अ‍ॅप तिथेच कोसळते. गंमत अशी की पूर्णांकासाठीचे `toInt()` देवनागरी अंक निमूटपणे स्वीकारते, त्यामुळे दशांशातले आकडे सोडून इतर आकड्यांवर ही चूक कधी उघडी पडली नसती. आमच्या टेस्टर्समधल्या ज्या मोजक्या फोनांवर मायग्रेशन चालले, ते सगळे इंग्रजीत होते. दुधाचा हिशेब ठेवणारी माणसे मात्र फोन मराठीत ठेवतात. दुरुस्ती एका शब्दाची होती :

```kotlin
val s = String.format(Locale.US, "%.1f", fat)
```

अँड्रॉइड स्टुडिओ या ओळीवर `DefaultLocale` अशी सूचना कित्येक महिने दाखवत होता आणि आम्ही ती पिवळी रेघ पाहायचे सोडून दिले होते, हे कबूल करतो.

पण दुरुस्तीपूर्वी थांबवणे आले. फोन आल्यापासून दहा मिनिटांत मी `Halt rollout` दाबले. त्याला नव्या रिलीजप्रमाणे गूगलच्या परीक्षणाची वाट पाहावी लागत नाही. टक्केवारी पाचवरून एकवर आणू असे कोणी म्हणेल, तर ते शक्य नाही. टक्केवारी वाढवता येते, कमी करता येत नाही. चालू ठेवणे किंवा थांबवणे, एवढेच दोन पर्याय असतात. थांबवलेले रिलीज पुढे पुन्हा सुरू करता येते, त्यामुळे शंका असतानाही थांबवायला मी कचरत नाही. खोटा इशारा निघाला तर काही तास जातात, याहून अधिक काही नाही.

हा निर्णय मी प्ले कन्सोलमधल्या अँड्रॉइड व्हायटल्सच्या आकड्यांच्या भरवशावर घेऊ शकलो नसतो. तेथे क्रॅशची वाईट मर्यादा १.०९ टक्के आहे, पण ती संपूर्ण अ‍ॅपच्या अठ्ठावीस दिवसांच्या सरासरीवर मोजली जाते. आठ हजारांतले अडतीस फोन त्या सरासरीत विरघळून जातात, आणि आकडेही उशिरा येतात. रोलआउटच्या काळात फक्त नव्या व्हर्जनचे क्रॅश वेगळे काढून पाहावे लागतात : एकशे तीसपैकी अडतीस. असे पाहिले तर शंकेला जागाच राहत नाही.

सुदैवाने मायग्रेशन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल होतील किंवा एकही होणार नाही अशा रीतीने, चालते, त्यामुळे मध्येच कोसळल्यावर जुना डेटा जसाच्या तसा राहिला होता. कोणाची नोंद गेली नाही, पण अ‍ॅपही उघडत नव्हते. अ‍ॅप उघडतच नाही म्हटल्यावर अ‍ॅपच्या आत “अपडेट घ्या” असा संदेश दाखवण्याचीही सोय राहत नाही. अडकलेल्यांपर्यंत ५९ नेण्यासाठी आम्ही क्लोज्ड ट्रॅकच वापरला. ज्यांचे फोन आले, त्यांचे ईमेल टेस्टर्सच्या यादीत घातले आणि सहभागाचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. परीक्षण होऊन ५९ त्या ट्रॅकवर आले, तेव्हा संध्याकाळच्या दुधाच्या आत त्यांतील बहुतेकांचे अ‍ॅप सुरू झाले. टेस्टरला त्याच्यासाठी उपलब्ध असलेल्या ट्रॅकपैकी सर्वांत मोठ्या व्हर्जन कोडचे रिलीज मिळते, म्हणून हे साधते. त्याच नियमाची उलट बाजूही आहे : क्लोज्ड ट्रॅकवर ५८ विसरून प्रॉडक्शन ५९ वर नेले, तर टेस्टर्सना प्रॉडक्शनचेच मिळू लागते आणि आपण समजतो की चाचणी चालू आहे.

गुरुवारी मी ५९ प्रॉडक्शनमध्ये सोडले. वीस टक्के, शुक्रवारी पन्नास आणि शनिवारी सकाळी पूर्ण. एरवी मी इतकी घाई करत नाही, पण ज्यांनी फोन केला नव्हता असे अडकलेले लोक कुठेतरी होतेच, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक दिवस वहीचा होता.

त्यानंतर टेस्टर्सची यादी बदलली. आता तीत निम्मे केंद्रचालक आहेत, आणि मराठी व कन्नड भाषेत ठेवलेले चार जुने फोन आम्ही कार्यालयात बाळगतो. त्यांवर प्रॉडक्शनचे चालू व्हर्जन आणि महिनाभराच्या नोंदी असतात, आणि क्लोज्ड ट्रॅकवरची प्रत्येक अपडेट त्यांवरच चढवली जाते. अ‍ॅप काढून नव्याने बसवायला कोणालाही परवानगी नाही. टक्केवारी मी सकाळचे संकलन उरकल्यावर, दहा-साडेदहाला वाढवतो, म्हणजे संध्याकाळच्या रांगेपूर्वी काही तास हातात राहतात. १, ११ आणि २१ तारखेला केंद्रांवर बिले निघतात. त्या दिवशी कन्सोल उघडतो ते केवळ पाहण्यासाठी.