फडक्यात उरलेले

दुपारी सोयाबीनचे दूध गाळून पातेले गॅसवर चढवले की करणाऱ्याचे सगळे लक्ष त्या पातेल्याकडे लागते, कारण हे दूध उतू जायला गाईच्या दुधाइतकाही वेळ घेत नाही. त्या गडबडीत ओट्याच्या कडेला फडक्यात गुंडाळलेला पांढुरका गोळा हळूहळू पाझरत बसलेला असतो. दूध उकळून, निवून बाटलीत गेले, सगळी भांडी घासून झाली, तरी तो तिथेच असतो, आणि मग प्रश्न पडतो की आता याचे काय करायचे. टाकून देणे सोपे आहे हे मलाही कळते. पण ज्याने सोयाबीन निवडले, रात्रभर भिजवले, साले चोळून काढली आणि मिक्सरचे भांडे तीनदा भरले, त्याचा हात कचऱ्याच्या डब्याकडे सहजासहजी जात नाही.

शंभर ग्रॅम सोयाबीन भिजल्यावर दुपटीहून जास्त फुगते आणि त्यात पाऊण लिटरभर पाणी घालून वाटून, गाळून, हाताने पिळले की साधारण १५० ते १७५ ग्रॅम चोथा उरतो. हा आकडा ऐकून वाटते की निम्मे सोयाबीन वायाच चालले आहे. प्रत्यक्षात त्या गोळ्यात पाच भागांतले चार भाग पाणीच असते आणि कोरडा ऐवज जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम भरतो. त्यातला बराचसा भाग तंतूंचा आणि बाकीच्यात दुधात न उतरलेली प्रथिने, थोडेसे तेल. म्हणजे आपण पोळीत किंवा कटलेटमध्ये चोथा घालतो असे म्हणत असलो, तरी मुख्यतः घालतो ते तंतूंनी धरून ठेवलेले पाणी, आणि पुढच्या सगळ्या कटकटी या एका गोष्टीतून निघतात.

माझ्या लहानपणी आत्याच्या घरी हे दूध व्हायचे आणि पिळण्याचे काम आम्हा मुलांकडे असायचे. जुन्या धोतराचे मऊ फडके, त्याच्या दोन टोकांना दोघे जण, आणि दोघांनी विरुद्ध दिशांना पीळ द्यायचा. सुरुवातीला धार सुटायची, मग थेंब, आणि शेवटी कोपरापासून हात थरथरायला लागले तरी आत्या समाधानी नसायची. ती फडके सोडून चोथ्याची एक मूठ वळायची. बोटांच्या फटींतून पाणी दिसले तर पुन्हा पीळ; मुठीचा लाडू वळला, त्यावर बारीक तडे गेले आणि तळहात नुसता दमट राहिला तर पास. इतक्या वर्षांत मी चोथ्याची परीक्षा घ्यायची याहून चांगली रीत पाहिलेली नाही, आणि वजनकाटा घरात असूनही मूठच वळतो.

आत्याची दुसरी शिस्त होती ती कच्च्या चोथ्याबद्दलची. वाटलेले सोयाबीन आधी गाळून नुसते दूध उकळले, तर चोथा पूर्ण कच्चा राहतो. वाटण आधी उकळून मग गाळले, तर तो बराच शिजलेला निघतो; मात्र वाटण पातेल्याच्या तळाला फार लवकर लागते, आणि गरम फडके पिळताना हात भाजतात ते वेगळेच. बहुतेक घरांत त्यामुळे पहिलाच मार्ग चालतो, आणि तिथे सावध राहायला हवे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. ते पाण्यात आणि उष्णतेत पुरेसा वेळ राहिल्यावरच निष्प्रभ होतात. पोळी तव्यावर मिनिटभर असते आणि कटलेटची बाहेरची बाजू खरपूस होईपर्यंत आतला मसाला नुसता गरम झालेला असतो. एवढ्या उष्णतेवर विसंबून कच्चा चोथा कणकेत मळणे म्हणजे पोटदुखीला आवतण आहे. त्यासाठी चोथा झाकणाच्या डब्यात घालून कुकरमध्ये १५ मिनिटे वाफवून घ्यावा. शिजला की नाही हे नाकाला कळते: कच्च्याला हिरव्या शेंगेसारखा उग्र दर्प असतो, शिजलेल्याला उकडलेल्या डाळीचा. बदामाच्या चोथ्याला ही अट नाही, तो तसाच वापरता येतो. काजूचा मात्र चोथा नीट वाटला तर उरतच नाही, सगळा दुधातच जातो, त्यामुळे काजूच्या दुधावर माझा जीव जरा कमीच आहे.

पोळीचे गणित मांडायचे तर २०० ग्रॅम कणकेला शिजवलेला ६० ग्रॅम चोथा पुरे होतो. एरवी एवढ्या कणकेला १२० ते १३० मिलिलिटर पाणी लागते, म्हणून सवयीने तेवढे ओतले की परातीत चिखल होतो. चोथ्यात पन्नासेक ग्रॅम पाणी आधीच आहे, पण ते लगेच बाहेर पडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. चोथा पिठात चोळल्याबरोबर पीठ कोरडे वाटते, पाणी घालावेसे वाटते, कणीक छान मळली जाते, आणि अर्ध्या तासाने झाकण काढावे तर ती सैल पडून पोळपाटाला चिकटते. यावर उपाय सोपा आहे. चोथा आणि मीठ कोरड्या पिठात बोटांनी चोळून दहा मिनिटे नुसते झाकून ठेवावे, मग चमच्याचमच्याने पाणी घालत नेहमीपेक्षा थोडी घट्ट कणीक भिजवावी. सगळे मिळून ८० ते ९० मिलिलिटरच्या पुढे सहसा जावे लागत नाही.

ही पोळी फुगेल की नाही, यावर घरात वाद होतात. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळल्यावर जी चिवट जाळी तयार होते, ती वाफ आत कोंडून धरते म्हणून पोळी फुगते. चोथ्याला अशी जाळी होत नाही, उलट त्याचा प्रत्येक भरड कण त्या जाळीत एक भोक पाडतो. लाटलेली पोळी उजेडासमोर धरली तर हे कण पांढुरक्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तव्यावर नेमकी तिथूनच वाफ फुसकन निघून जाते. चोथा कणकेच्या पाण्यातल्या थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून पुन्हा गंधासारखा वाटून घेतला तर पोळी बऱ्यापैकी फुगते. तसाच भरड घातला तर जाडसर लाटावी, तेल लावून भाजावी आणि फुगण्याचा हट्ट सोडावा. कणकेच्या निम्म्या वजनाहून अधिक चोथा गेला की पोळीच्या कडा फाटू लागतात आणि ती उलटताना दुमडते. हे सगळे सोसायचे ते एका गुणासाठी: तंतूंनी धरलेले पाणी सहज सुटत नसल्यामुळे सकाळची पोळी दुपारी डब्यातसुद्धा मऊ निघते.

कटलेटची तऱ्हा उलटी आहे, तिथे हेच पाणी वैरी होते. चोथ्यात बांधून ठेवणारा पिष्टमय भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे नुसत्या चोथ्याचे कटलेट हातात सुबक दिसते आणि तेलात पडताच त्याची भुकटी होते. आत्या शिजवलेला चोथा आधी कोरड्या कढईत मंद आचेवर परतायची. सुरुवातीला तो गोळ्यागोळ्यांनी फिरतो, कढईला चिकटतो, वाफ येत राहते. मग हळूहळू मोकळा होतो आणि उलथन्यावरून वाळूसारखा घसरायला लागतो. तेव्हा १५० ग्रॅमचे साधारण १०० ग्रॅम झालेले असतात. त्यात तेवढाच उकडलेला, पूर्ण निवालेला बटाटा, दोन मोठे चमचे बेसन, आले, मिरची, कोथिंबीर घालून मळायचे आणि मीठ अगदी वळायच्या वेळी घालायचे, कारण मीठ पडले की मिश्रणाला पुन्हा पाणी सुटते. वळलेली कटलेटे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की बटाटा आवळतो. मग रव्यात घोळवून, पसरट तव्यावर बेताच्या तेलात, मध्यम आचेवर ठेवायची, आणि खालची बाजू आपणहून सुटेपर्यंत उलथने लावायचे नाही. हा संयम भल्याभल्यांना नसतो. आधी एकच कटलेट तळून पाहावे. ते कडेने चिरले तर बेसन कमी आहे, आणि तेल फार तडतडले तर परतणे कमी पडले आहे. बदामाच्या चोथ्याचे कटलेट लवकर तांबूस होते, तिथे आच आणखी कमी हवी.

चोथा साठवून ठेवण्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तो दमट आणि पौष्टिक असल्यामुळे ओट्यावर काही तासांतच आंबतो, म्हणून लगेच फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा किंवा चपट्या पिशव्यांत भरून गोठवावा. आंबूस वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागला तर मात्र तिथे काटकसर करू नये.

आता राहिली ती आत्याची तिसरी शिस्त, जी मी पाळत नाही. कटलेटमध्ये काय आहे ते ती कोणालाही सांगत नसे. आधी सांगितले की माणूस जिभेने न खाता संशयाने खातो, असे तिचे म्हणणे होते, आणि आम्हा भावंडांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे होते. पण बदामाचा चोथा घातलेली पोळी आणि साधी पोळी ताटात शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत, आणि ज्याला बदामाची किंवा सोयाबीनची ॲलर्जी आहे, त्याच्या दृष्टीने त्यांतली एक विषासमान असू शकते. भाजल्याने, तळल्याने तो धोका टळेल असे धरून चालता येत नाही. त्यामुळे पाहुणे पानावर बसले की वाढण्याआधी मी पोळीत काय आहे आणि कटलेटमध्ये काय आहे ते स्पष्ट सांगतो, चोथ्याची कणीक ज्या परातीत मळली तिच्यात साधी कणीक मळलेली नाही हेही सांगतो. ते ऐकून भाचा कटलेट चुपचाप बाजूला सारतो, त्याला कसलीही ॲलर्जी नसताना. सारू दे.