चेहरा नसलेले कार्ड

आमच्या टीमच्या बोर्डावर डावीकडून उजवीकडे सहा कॉलम आहेत: बॅकलॉग, रेडी, इन प्रोग्रेस, रिव्ह्यू, टेस्टिंग आणि डन. ही नावे बहुतेक सगळ्या टीममध्ये अशीच असतात, त्यामुळे नव्याने रुजू झालेल्या माणसाला ती समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. काही काळापूर्वी आमच्याकडे एक नवी डेव्हलपर आली. याआधी दुसऱ्या एका टीममध्ये तिने काही वर्षे अशाच बोर्डावर काम केले होते, म्हणून पहिल्या दिवशी बोर्डावरून एक नजर फिरवून ती थेट कामाला लागली. त्याच आठवड्यात तिचे पहिले कार्ड रिव्ह्यूच्या कॉलममध्ये दोन दिवस पडून राहिले. सगळे जण हजर होते आणि बोर्ड रोज पाहिला जात होता, तरीही हे घडले, म्हणून ती घटना सविस्तर लिहीत आहे.

कार्ड अगदी साधे होते. अहवालाची फाइल डाउनलोड केली की काही वापरकर्त्यांना त्यातल्या तारखा एक दिवस मागच्या दिसत होत्या. कारण तिने सकाळीच शोधून काढले. कोडमध्ये तारीख `new Date("2024-03-10")` अशी वाचली जात होती. नुसती तारीख अशी दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते. त्यामुळे ज्यांचे घड्याळ यूटीसीच्या मागे आहे, त्यांच्या पडद्यावर 10 मार्चऐवजी 9 मार्च उमटतो. तिने दुरुस्ती केली, चाचण्या लिहिल्या, मंगळवारी दुपारी कार्ड रिव्ह्यूमध्ये सरकवले आणि कार्डावरचा स्वतःचा चेहरा, म्हणजे ज्याच्याकडे काम आहे त्याचे छोटे गोल चित्र, काढून टाकले.

तिच्या आधीच्या टीममध्ये ही शिस्तच होती. तिथे रिव्ह्यूमध्ये चेहरा नसलेले कार्ड म्हणजे ‘हे मोकळे आहे, ज्याला वेळ असेल त्याने उचलावे’ असे आमंत्रण होते, आणि रिव्ह्यू करणारा त्यावर स्वतःचा चेहरा लावून कामाला बसत असे. आमच्याकडे नेमके उलट होते. कार्ड डनमध्ये जाईपर्यंत त्यावर काम करणाऱ्याचाच चेहरा राहतो. रिव्ह्यू करणाऱ्याचे नाव वेगळ्या रकान्यात असते आणि तो रकाना कार्ड उघडल्याशिवाय दिसत नाही. कोणी मोठ्या रजेवर गेले किंवा एखादे काम अर्ध्यात थांबवायचे ठरले, तरच आम्ही चेहरा काढतो. त्यामुळे तिचे कार्ड पाहून प्रत्येकाने एकच अर्थ लावला, की हे काम सध्या स्थगित आहे.

आता कोणी म्हणेल की सकाळच्या उभ्या बैठकीत तरी हे लक्षात यायला हवे होते. आमची बैठक बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरू होते, कारण जे काम संपायला सर्वांत जवळ आले आहे त्याचा अडथळा आधी दूर व्हावा. ती पद्धत चांगलीच आहे. पण प्रत्यक्षात काय होत असे, तर बैठक चालवणारा कार्डावरचा चेहरा पाहून त्या व्यक्तीचे नाव घेई आणि ती व्यक्ती बोले. ज्या कार्डावर चेहराच नाही, तिथे हाक कोणाला मारणार? बुधवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवशी नजर त्या कार्डावरून पुढच्या कार्डावर गेली. नवी सहकारी गप्प राहिली, कारण तिच्या समजुतीप्रमाणे तिचे काम संपले होते आणि रिव्ह्यू कोणी, कधी करावा हा प्रश्न उरलेल्या टीमचा होता.

गडबड आहे हे कळले ते दुसऱ्याच ठिकाणी. गुरुवारी दुपारी इन प्रोग्रेसचा कॉलम पूर्ण भरला होता, पण त्यातली दोन कार्डे उघडून पाहिली तर त्यांचे काम झालेले होते. ती पुढे का सरकवली नाहीत असे विचारल्यावर उत्तर आले की रिव्ह्यूमध्ये जागा नाही. आमच्याकडे एका वेळी इन प्रोग्रेसमध्ये 4, रिव्ह्यूमध्ये 3 आणि टेस्टिंगमध्ये 2 कार्डे, अशी मर्यादा आहे. रिव्ह्यूतल्या तीन जागांपैकी एक या चेहरा नसलेल्या कार्डाने अडवली होती. काम झालेली कार्डे मागच्या कॉलममध्ये साचू लागली की अडथळा पुढच्या कॉलममध्ये शोधावा, हे मी अनुभवाने शिकले आहे. मी ते कार्ड उघडले, त्याचा इतिहास पाहिला, आणि तिला शेजारी बसवून त्याच कार्डावरून बोर्ड समजावून सांगायला सुरुवात केली.

तिने पहिला प्रश्न मर्यादेबद्दल विचारला. डेव्हलपर पाच असताना इन प्रोग्रेसला मर्यादा चारच का? मी तिला सांगितले की हा आकडा मुद्दाम एकाने कमी ठेवला आहे. पाचही जण एकाच वेळी नवे काम हातात धरून बसले, तर दुसऱ्याचे काम तपासायला कोणीच मोकळे राहत नाही. म्हणून हातातले काम संपले की आधी उजवीकडे पाहायचे, रिव्ह्यूत काही थांबले असेल तर ते हाती घ्यायचे आणि मगच रेडीकडे वळायचे, अशी आमची सवय आहे, पण ती कुठेही लिहिलेली नव्हती. मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. समजा, रोज सरासरी 2 कार्डे डनमध्ये जातात आणि मधल्या तीन कॉलममध्ये मिळून 8 कार्डे आहेत, तर एका कार्डाला या प्रवासाला सरासरी 4 दिवस लागतात. कार्डे 12 झाली आणि वेग तोच राहिला, तर 6 दिवस लागतात. जास्त कामे सुरू केल्याने ती लवकर संपत नाहीत. हे तिला लगेच पटले, कारण मंगळवारी कार्ड सरकवल्यावर तिने लगेच रेडीतले पुढचे कार्ड उचलले होते आणि त्या वेळी रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या एकाचे काम तपासणीविना थांबलेले होते.

मग तिने विचारले, “मी यावर ब्लॉक्ड लेबल लावायला हवे होते का? तेवढ्याने तरी तुमचे लक्ष गेले असते.” प्रश्न रास्त होता आणि उत्तर नाही असे होते. रिव्ह्यूची वाट पाहणे हे त्या कॉलमच्या नावातच आले, त्यासाठी वेगळ्या लेबलाची गरज नाही. ब्लॉक्ड हे लेबल, टीममधले कोणीही ठरवून सुद्धा काम पुढे नेऊ शकत नसेल तेव्हाच लावायचे असते. मी तिला त्याच दिवशीचे दुसरे एक कार्ड दाखवले. त्यावर लाल लेबलाखाली एवढेच लिहिले होते: “चाचणी खात्याचा पासवर्ड हवा आहे. प्लॅटफॉर्म टीमला सोमवारी विचारले. शुक्रवारी सकाळी पुन्हा विचारणार.” काय अडले, कोणाकडे अडले आणि पुन्हा कधी विचारणार, या तिन्ही गोष्टी नसतील तर आम्ही ते लेबल मानत नाही, कारण नुसते लाल लेबल लावले की ते काम विसरण्याची जणू परवानगी मिळते आणि कार्ड आठवडेच्या आठवडे तसेच राहते. बाकीची लेबले मी भराभर सांगितली. बग आणि टेक-डेट ही फक्त महिन्याच्या शेवटी मोजदादीसाठी आहेत, त्यांच्यामुळे कोणी आपल्या कामाचा क्रम बदलत नाही. अर्जंट मात्र एका वेळी एकाच कार्डावर असू शकते आणि तेवढे एक कार्ड मर्यादा ओलांडू शकते.

तोवर एका सहकाऱ्याने तिचे काम तपासून एक शेरा लिहिला होता: दिवसाच्या शेवटच्या तासात नोंदवलेल्या अहवालासाठीही एक चाचणी हवी. तिने कार्ड इन प्रोग्रेसकडे परत ओढायला घेतले, तेव्हा मी तिला थांबवले. आमच्याकडे कार्ड मागे जात नाही. ते रिव्ह्यूमध्येच राहते आणि त्यावर ‘बदल’ हे लेबल लागते. मागे नेले की ते कार्ड रिव्ह्यूमध्ये किती दिवस आहे ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि आधीच भरलेल्या इन प्रोग्रेसमध्ये पाचवे कार्ड शिरते. तिने यावर ठाम हरकत घेतली. तिचे म्हणणे असे, की कार्ड मागे नेले तर रिव्ह्यूमध्ये फक्त तपासणाऱ्याची वाट पाहणारी कार्डे उरतात, आणि आमच्या पद्धतीत त्या कॉलममधले कोणते कार्ड कोणाची वाट पाहत आहे हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. तिचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. दोन्ही पद्धती चालतात, पण एका बोर्डावर दोन्ही एकदम चालत नाहीत, म्हणून आम्ही आमचीच कायम ठेवली.

शुक्रवारी सगळ्यांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. रेडीच्या उजवीकडे चेहरा नसलेले कार्ड ठेवायचे नाही. काम थांबवायचेच असेल तर कारण लिहून कार्ड बॅकलॉगमध्ये परत पाठवायचे, आणि कार्ड मागे नेण्याचा हा एकच अपवाद मान्य करायचा. रिव्ह्यू करणाऱ्याचे नाव आता कार्डाच्या दर्शनी भागावर दिसते. उभ्या बैठकीत माणसाचे नाव न घेता कार्डाचे शीर्षक वाचले जाते, म्हणजे ज्यावर चेहरा नाही ते कार्डही वाचावेच लागते. बैठकीच्या आधी खालील शोध चालवला जातो आणि त्याचे उत्तर रिकामे यावे अशी अपेक्षा असते:

```
assignee IS EMPTY AND status IN ("In Progress", "Review", "Testing")
```

प्रत्येक कॉलमच्या नावाखाली, कार्ड त्यातून पुढे केव्हा जाते, हे एका ओळीत लिहिण्याचे काम नव्या सहकारीनेच घेतले. मला ते योग्य वाटले, कारण जुन्या माणसाला कोणती सवय लिहायची राहिली आहे हे दिसत नाही. रिव्ह्यूखाली तिने लिहिले, “एकाने कोड वाचला आहे, शेरे मिटले आहेत, चाचण्या हिरव्या आहेत.” रेडी आणि इन प्रोग्रेसच्या ओळीही सहज झाल्या. टेस्टिंगपाशी मात्र ती अडली. तिने आम्हाला विचारले की या कॉलममधले कार्ड टेस्टरची वाट पाहत आहे की टेस्टर त्यावर काम करत आहे, आणि टीममधले दोन जण एकाच कार्डाबद्दल दोन वेगळी उत्तरे देऊन बसले. तिने त्या कॉलमचे ‘टेस्टसाठी तयार’ आणि ‘टेस्ट चालू’ असे दोन भाग करावेत असे सुचवले. टेस्टरला ते हवे होते. इतर काहींना आणखी एक कॉलम वाढू नये असे वाटत होते, कारण दोन्हींना मिळून मर्यादा 2 ठेवायची की तयार कामाला वेगळी जागा द्यायची, हे ठरेना. शेवटी महिनाभर फक्त एवढेच करायचे ठरले, की टेस्टरने काम हाती घेताच कार्डावर तारीख लिहायची. त्या कॉलममधला वेळ वाट पाहण्यात जास्त जातो की तपासण्यात, हे त्या तारखांवरून दिसेल, आणि कॉलमचे दोन भाग करायचे की नाही हे त्यानंतर ठरेल.