आठ वर्षं एकच पद

रविवार, रात्री उशिरा

नाशिकच्या त्या कंपनीतल्या जागेसाठी अर्ज करायचा की नाही, हे आज ठरणार होतं. दिवसभर काही ठरेना. एक माणूस मात्र डोक्यात बसलाय. त्याला मी कधी भेटलो नाही, नुसतं लिंक्डइनवर पाहिलंय. आठ वर्षं त्याच कंपनीत, त्याच क्वालिटी विभागात, आणि पहिल्या दिवसापासून आजपर्यंत सीनियर इंजिनियर.

दुपारी जेवण झाल्यावर बसलो होतो. कंपनीच्या पानावर People मध्ये गेलो, ‘quality’ टाकलं, ठिकाण नाशिक. प्रायव्हेट मोड आधीच लावून ठेवला होता, तिथल्या साहेबाला आपलं नाव दिसायला नको. (तो लावला की आपल्याकडे कोण डोकावलं तेही कळत नाही. तसंही कोण डोकावतंय!) काहींची नावंच उघडत नव्हती. उरलेल्या अकरा जणांच्या वहीत ओळी केल्या: कधी आला, काय म्हणून आला, पद कधी बदललं, आधी कुठे होता, शिक्षण काय.

ओळी भरत गेलो तसे दोन रस्ते वेगळे दिसायला लागले. पाच जण कॉलेजातून थेट ट्रेनी म्हणून आलेले. त्यांचं पद दोन-अडीच वर्षांनी बदललंय, आणि जवळजवळ प्रत्येकाचं जुलैत, पण वेगवेगळ्या वर्षीच्या. सगळ्यांचं एकाच वर्षी एकाच महिन्यात बदललं असतं, तर ती बढती म्हणून धरली नसती. तेव्हा कंपनीने नुसती पदांची नावं बदललेली असू शकतात. उरलेले सहा माझ्यासारखे, बाहेरून अनुभव घेऊन आलेले. आले त्याच पदावर आहेत.

इथेच धीर खचला. म्हणजे आपण चाळिशीला टेकणार तेव्हाही हेच. कालचा ट्रेनी आपल्या रिपोर्टवर सही करणार. डिप्लोमावाल्याचं असंच, बाबा म्हणायचेच... जाऊ दे.

मग वही परत पाहिली. त्या सहांपैकी चौघांना अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. त्यांच्यावरून बढतीचं काय कळणार? पाचवा पाच वर्षांचा, पण त्याने प्रोफाइलला आल्यापासून हात लावलेला दिसत नाही. नोकरी शोधायची नसली की कोण अपडेट करतं? म्हणजे माझा सगळा निष्कर्ष त्या एका आठ वर्षंवाल्यावर उभा. अकरा जण पाहून मी एकाच माणसाला घाबरलो होतो.

शिवाय आत असलेलेच पाहिले, तर टिकलेलेच दिसणार. म्हणून Past company मध्ये कंपनीचं नाव टाकून सोडून गेलेले काढले. बाहेरून आलेल्यांपैकी तिघं अडीच-तीन वर्षांत गेलेत आणि तिघंही पुढच्या ठिकाणी एक पायरी वर लागलेत. पायरी आहे, पण ती बाहेर पडल्यावर मिळते. हे कळून बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

आईने आतून आवाज दिला, “आते झोप ना भाऊ, काय दखी ऱ्हायना मोबाइलमा?” झोपणार कसा, तो माणूस समोरच. त्याच्या शिक्षणाच्या रकान्यात धुळं. डिप्लोमा, माझ्याआधीचा. आपल्याकडचाच निघाला! मग प्रायव्हेट मोड गेला खड्ड्यात, सरळ कनेक्ट रिक्वेस्टसोबत मेसेज टाकला. भाऊ, मी धुळ्याचा, तुमच्या विभागात अर्ज करतोय, बाहेरून आलेल्याचं पुढे कसं असतं?

तासाभरात उत्तर आलं. “पाटी तीच आहे, ग्रेड दोनदा बदलला. पुढचं पद हवं तर चाकणला जा म्हणाले. दोनदा विचारलं. नाही गेलो. शुक्रवारी रात्री निघालो की गावी पोचतो, तेवढं पुरतं.”

घ्या. संध्याकाळभर मी ज्याची कीव करत होतो, तो बढतीला दोनदा नाही म्हणून बसलाय. पद दिसतं, ग्रेड दिसत नाही, आणि नकार तर कुठल्याच रकान्यात नसतो. मला हसू आलं, थोडा रागही. एवढ्या ओळी आखल्या त्या कशाला?

पण ओळी वाया नाहीत. त्या नसत्या तर त्याला काय विचारायचं ते तरी कळलं असतं का? “करिअर ग्रोथ कशी आहे” असं विचारलं असतं आणि “चांगली आहे” असं ऐकलं असतं.

अर्ज करतोय. मुलाखतीत दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. ही जागा नवी आहे की त्या तिघांपैकी कोणाची रिकामी झालेली, आणि पुढच्या ग्रेडला प्लांट बदलावा लागतो का. चाकण म्हणाले तर मी काय उत्तर देणार, ते हिला अजून विचारलेलं नाही. उद्या विचारीन. सकाळी नको, चहा झाल्यावर.