मॅच अडकते, सिनेमा अडकत नाही

रात्रीच्या जेवणाच्या सुमारास आमच्याकडे लाइव्ह मॅच अडकायची. त्याच वेळी सिनेमा लावला तर तो बिनबोभाट चालायचा. सिनेमाचा पुढचा भाग टीव्ही आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये थोडा वेळ वायफाय कोलमडलं तरी कळत नाही. लाइव्हमध्ये एवढा साठा नसतो. घरात सगळे इंटरनेटवाल्याच्या नावाने खडे फोडत होते. मला आधी घरातलंच तपासायचं होतं.

टीव्हीशेजारी लॅपटॉप ठेवला, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला आणि बाहेर कुठे नाही, थेट राउटरलाच पिंग लावलं:

```
ping -t 192.168.1.1
```

उत्तरं ३-४ मिलिसेकंदांत येत होती. बायकोला म्हटलं, "कपभर पाणी ठेव गं मायक्रोवेव्हमध्ये." ओव्हन सुरू होताच आकडे शेकड्यांत गेले, मध्येमध्ये `Request timed out` दिसू लागलं. बीप वाजली की पुन्हा ३-४. राउटरपर्यंतच गाडी अडत होती, म्हणजे इंटरनेटवाला सुटला.

मग नुसता ग्रिल लावला. दिवा लागला, ताटली फिरली, पण पिंग ढिम्म हललं नाही, कारण ग्रिलमध्ये मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन बंदच असतो. सगळ्यात मजा आली कमी पॉवरवर: आमच्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन तेव्हा काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असा चालतो, आणि पिंगचे आकडेही त्याच तालावर चढत-उतरत होते. याहून चांगला पुरावा काय हवा?

मॅग्नेट्रॉन साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो. वायफायचा पट्टा २४०० ते २४८३. दारातून गळणारी ऊर्जा अन्न गरम करणाऱ्या शेकडो वॅटच्या मानाने नगण्य आणि सुरक्षित मर्यादेत असते. पण वायफायचा सिग्नल त्याहून कितीतरी क्षीण असतो, त्यामुळे तेवढी गळतीही त्याला जड जाते.

सासूबाईंच्या जुन्या कॉर्डलेस फोनच्या तळाच्या स्टिकरवरही 2.4GHz होतं. त्यावर बोलणं चालू असताना पिंग डगमगायचं, पण ओव्हनइतकं नाही. डेक्ट प्रकारचे फोन १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांचा असा त्रास नसतो. ब्लूटूथ हेडफोनचा फरक मला जाणवलाच नाही. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा पट्ट्यातली जागा बदलतं आणि वायफायने व्यापलेली जागा टाळायला बघतं. उलट ओव्हन चालू असताना हेडफोनचाच आवाज तुटायचा.

राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं आणि टीव्ही त्यावर टाकला. ओव्हन चालू ठेवून मॅच पाहिली, अडकली नाही. ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून कमी जातं, पण आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्ही बॉक्सच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. त्याला फक्त २.४ कळतं. त्याच्यासाठी २.४ चा चॅनल ११ वरून १ केला, कारण आमचा ओव्हन पट्ट्याच्या वरच्या बाजूला जास्त गोंधळ घालतो. थोडा फरक पडला. पण लाइव्ह मॅचसाठी शेवटी तिथे लॅनची वायरच ओढली.