सहा रंग झाले, तीन उरले: चौथ्या मात्रेवरच्या चकरीची नोंद

मैत्रिणींनो, आज रविवार, म्हणजे आज आपण सगळ्या नारंगी! यंदा घटस्थापना सोमवारी आली म्हणून पांढऱ्यापासून सुरुवात झाली. वाराचा रंग ठरलेला असतो, त्यामुळे पहिला दिवस कुठल्या वारी येतो त्यावर सगळी रांग ठरते. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारंगी. सात वार संपले की पुढचे दोन वेगळे येतात, यंदा मोरपंखी आणि गुलाबी. सकाळी लोकलमध्ये अख्खा डबा एका रंगाचा दिसला की माझे पाय तिथेच ताल धरतात.

यंदा मी एकच गोष्ट हातात घेतली आहे. गरब्याच्या आपल्या तीन टाळीत पहिल्या तीन मात्रांना टाळ्या आणि चौथीला पूर्ण चक्कर. ती चक्कर संपवून पुढच्या पहिल्या टाळीवर वेळेत पोचायचं. संथ गरब्यात हे सगळ्यांनाच जमतं. खरी परीक्षा रात्री पावणेदहाला, दहाला भोंगा बंद होण्याआधी ढोली लय चढवतो तेव्हा.

पांढऱ्या दिवशी साधा सुती घागरा होता, काही अडलं नाही. लाल दिवशी मात्र टाळी सतत मागे पडत राहिली. आभल्यांचा, आठ मीटर घेराचा तो घागरा तुम्ही पाहिलाच आहे. मला वाटलं पाय दमले. घरी येऊन बहिणीने मोबाइलवर घेतलेलं चित्रण संथ करून पाहिलं. बारा चकऱ्यांपैकी आठ वेळा टाळी उशिरा होती, पण चक्कर स्वतः वेळेतच पूर्ण होत होती! उशीर त्यानंतर होत होता.

दोष घागऱ्याच्या फिरण्यात होता. मी थांबले तरी जड घेर फिरतच राहतो आणि पायांभोवती गुंडाळला जातो. मग पुढचं पाऊल आखूड पडतं, शरीर मागे राहतं आणि पावलाबरोबर येणारी टाळीही मागे राहते. तुमच्या बाबतीत हेच होतंय का ते ओळखायची खूण सोपी आहे: चक्कर संपताच पोटऱ्यांना कापडाचा फटका बसतो, आणि पुढचं पाऊल टाकताना घागरा ओढल्यासारखा वाटतो. फटका बसत नसेल आणि तरी टाळी चुकत असेल, तर चक्करच उशिरा सुरू होते आहे.

निळ्या दिवशी दोन बदल केले. पहिला, चक्कर थांबून संपवायची नाही, पुढे सरकत संपवायची. शेवटच्या पाव फेरीतच पुढचं पाऊल वर्तुळाच्या दिशेने निघालं की घेर मागे उडतो, पायात येत नाही. दुसरा, तिसरी टाळी वाजताच डावा खांदा मागे नेत मध्यभागच्या घटाकडे वळायचं, चौथ्या मात्रेची वाट पाहायची नाही. आपण उलट्या घड्याळाच्या दिशेने फिरतो, घट कायम डाव्या हाताला असतो, त्यामुळे डावीकडे वळलं की आधी दिवा दिसतो आणि शेवटी पुढचीची पाठ. पाठ दिसली की टाळी. त्या रात्री तीनच टाळ्या उशिरा पडल्या.

पिवळा आणि हिरवा दिवस मजेत गेले, हिरव्याला तर आपल्या रिंगणाचं शेत झालं होतं!

करड्या दिवशी (हा रंग कुणाच्याच कपाटात नसतो, शेवटी सगळ्यांनी ओढण्यांवर भागवलं, आणि काय सुंदर दिसलं!) पाऊस होऊन गेला होता, गालिचा ओला होता. ओल्या गालिच्यावर अनवाणी तळवा चिकटतो. शरीर वळतं, पाऊल तिथेच राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मला आतल्या बाजूला कळ आली तशी मी पूर्ण चक्कर सोडली. टाच उचलून चवड्यावर वळलं तर थोडं बरं पडतं, पण इतक्या ओल्यावर तेही पुरत नाही. अशा रात्री अर्धीच चक्कर घ्यायची: घटाकडे तोंड, टाळी, परत पुढे.

आणखी एक मर्यादा नोंदवून ठेवते. लय अगदी टोकाला गेली की जड घागऱ्यात प्रत्येक आवर्तनाला पूर्ण चक्कर बसतच नाही. एक आड एक घ्या, मधल्या चौथ्या मात्रेला नुसता झोका. सगळ्या रिंगणाने एकाच आवर्तनाला चक्कर घेतली तर ते जास्त देखणंही दिसतं.

म्हणून आज नारंगीला सगळ्यांनी हलका घागरा घाला, आतली जाळी काढून या. साडेसातला, आरतीआधी, फक्त वीस चकऱ्या करू, ढोलाशिवाय, मोजून. मोरपंखी दिवशी मी पुन्हा तसाच आभल्यांचा घेर काढणार आहे, दुसऱ्या रंगाचा पण तितकाच जड. पोटऱ्यांना फटका बसतो का ते मागून बघायला कुणीतरी माझ्या पाठी राहा. आणि गुलाबीला चित्रण करायची पाळी माझी, नाचायची तुमची!